‘रिलोकेट व्हाल का?’ या प्रश्नाला नेमकं काय उत्तर द्यायचं

मित्रांनो, आज जरा वेगळा विषय. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण लगेच दुकान टाकणारे नसतात. दोन-तीन वर्षं त्याच लाइनमध्ये नोकरी करायची, माल समजून घ्यायचा, गाठीला पैसा बांधायचा आणि मग स्वतःचं सुरू करायचं असा हिशोब असतो. चांगला हिशोब आहे, मीही तसंच केलं. पण अशी शिकवणारी नोकरी बहुतेक वेळा आपल्या गावात नसते. मग मुलाखतीत ते तीन प्रश्न येतात: इकडे यायची तयारी आहे का, घरी कोण कोण असतं, आणि जॉईन कधी होणार. भल्याभल्यांचं काम इथे बिघडतं. मालाची, विक्रीची सगळी उत्तरं बरोबर आणि इथे येऊन घोळ.

हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने शिकलो. माझं सांगलीत भांड्यांचं आणि किचन अप्लायन्सेसचं दुकान. दिवाळीच्या तोंडावर पंढरपूरला दुसरं दुकान काढलं आणि तिथे बसायला एक मॅनेजर घेतला. मुलगा हुशार होता. मी विचारलं, “पंढरपूरला राहावं लागेल, चालेल ना?” तो म्हणाला, “काहीच प्रॉब्लेम नाही सर, कुठेही पाठवा.” मला बरं वाटलं आणि मी पुढे काही विचारलं नाही. नवव्या दिवशी त्याचा फोन आला, आईला एकटं ठेवता येत नाही, मी परत जातोय. धनत्रयोदशीला आठ दिवस उरले होते. मी सांगलीचं दुकान बायकोवर सोडून पंढरपूरला जाऊन बसलो. त्या मुलाची आई नवव्या दिवशी आजारी पडली नव्हती, ती आधीपासूनच आजारी होती. त्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने घरी हा विषय काढलाच नव्हता, आणि मीही त्याला काढायला लावला नाही.

तेव्हापासून कोणी “काहीच प्रॉब्लेम नाही” म्हटलं की मला पहिली शंका येते. एचआरवाल्यांनाही तीच येते, कारण त्यांनी अशी माणसं आमच्यापेक्षा जास्त पाहिलेली असतात.

आता एक खरी केस घेऊ. नाव सांगत नाही, आपल्या बॅचमधला लातूरचा मित्र म्हणू. वय २७. लातूरला एका ठिबक आणि पाइप-फिटिंग्जच्या डीलरकडे सेल्समन, पगार २४ हजार. तीन वर्षांनी औशाला स्वतःचं ठिबकचं दुकान टाकायचं डोक्यात पक्कं. त्याला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत टेरिटरी सेल्सच्या जागेसाठी बोलावणं आलं, ठिकाण नाशिक. द्राक्षाच्या पट्ट्यात ठिबकचं काम शिकायला मिळणं म्हणजे त्याच्यासाठी सोन्याची संधी.

पण याआधी त्याची एक ऑफर हातची गेली होती, आणि ती कशी गेली ते आधी बघा. दुसऱ्या एका कंपनीत सिलेक्शन झालं. एचआरने विचारलं, “किती दिवसांत जॉईन व्हाल?” हा घाबरून म्हणाला, “पंधरा दिवसांत, सर.” त्यांनी ऑफर लेटरवर तीच तारीख टाकली. मग याने मालकांना सांगितलं, आणि मालकांनी त्याचं जुनं अपॉइंटमेंट लेटर काढून दाखवलं: नोटीस पिरियड ६० दिवस. सही याचीच. तीन वर्षांपूर्वी सही केली आणि कागद कपाटात गेला, परत कधी वाचला नाही. याने तारीख पुढे मागितली, त्यांनी एकदा वाढवून दिली, दुसऱ्यांदा नाही. ऑफर मागे घेतली. ‘मला उशीर लागेल’ असं तो पहिल्या दिवशी म्हणाला असता तर कदाचित ते थांबलेही असते. दिलेली तारीख दोनदा हलली, तिथे भरोसा उडाला.

म्हणून नाशिकच्या वेळी आम्ही तिन्ही प्रश्नांवर बसून काम केलं.

पहिला प्रश्न, यायची तयारी आहे का. हा ‘हो-नाही’चा प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, आता नाशिकला मुक्काम हलवायचा का. दोन, पुढे कंपनीने जळगावला किंवा इंदूरला बदली केली तर जाणार का. तीन, टूर किती, म्हणजे महिन्यातल्या किती रात्री बाहेर काढायच्या. सेल्सच्या नोकरीत माणूस पहिल्याला हो म्हणतो आणि सोडून जातो तिसऱ्यामुळे. तेव्हा आधी विचारा, “सर, बेस लोकेशन नाशिकच राहणार का? आणि महिन्याला साधारण किती दिवस फिरती असेल?” असं विचारल्याने वाईट दिसत नाही. ज्याला खरंच यायचंय तोच हे विचारतो. बहुतेक अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘कंपनी गरजेप्रमाणे भारतात कुठेही बदली करू शकते’ अशी ओळ असते. मुलाखतीत ‘फक्त नाशिक’ म्हणायचं आणि खाली त्या ओळीवर सही करायची, तर पुढे तोंडी बोलण्याचा काही उपयोग नाही. बदलीची अडचण असेल तर सही करण्याआधी ईमेलवर विचारून घ्या की पहिलं वर्ष-दीड वर्ष तरी हेच ठिकाण राहील का, आणि उत्तरही ईमेलवरच घ्या.

मग उत्तरात काय बोलायचं? आधी स्वच्छ हो, मग कारण, मग पुरावा. पुरावा म्हणजे तुम्ही विचार केलाय हे दाखवणारी एखादी साधी गोष्ट. आपल्या मित्राने मुलाखतीच्या आधीच्या रविवारी रात्रीची बस पकडली आणि नाशिक गाठलं. सातपूर-अंबड भागात खोल्यांची भाडी विचारली, पिंपळगावच्या बाजूला दोन ठिबकच्या दुकानात जाऊन आला, चहा प्यायला आणि परत फिरला. मुलाखतीत तो म्हणाला, “हो सर, मी नाशिकला यायला तयार आहे. द्राक्षाच्या ठिबकचं काम मला शिकायचंय आणि ते लातुरात होत नाही. गेल्या रविवारी मी तिकडे जाऊन खोल्यांची चौकशी केली, पिंपळगावला दोन डीलरनाही भेटलो.” पुढची पाच मिनिटं समोरचे साहेब त्या दोन डीलरबद्दलच विचारत होते. ‘यायची तयारी आहे का’ हा विषय तिथेच मिटला.

आणि तयारी नसेल तर? तेही स्पष्ट सांगा, पण सोबत काय चालेल ते सांगा. “सध्या नाशिक जमणार नाही, पण सोलापूर, धाराशिव, नांदेड या भागात कुठेही चालेल.” याने दार बंद होत नाही. दुसरी जागा निघाली की तुमचं नाव आठवतं. “बघू, जमवतो” असं म्हणालात तर ते नाहीच धरतात.

याच प्रश्नाला चिकटून आणखी एक येतो, आणि आपल्यासारख्यांना तो टोचतो: “इकडे आलात तर किती वर्षं राहाल?” मनात तर दुकान आहे. खोटं बोलायचं का? मी सांगतो, नाही बोलायचं. पण दहा वर्षांचा प्लॅनही कोणी मागितलेला नसतो. तुम्ही जेवढं खरंच राहणार आहात तेवढं सांगा. मित्र म्हणाला, “पुढची तीन वर्षं मी नाशिकमध्येच आहे, हे घरी ठरवून आलोय. या लाइनमध्येच मला पुढे जायचंय.” दोन्ही वाक्यं खरी होती. ‘तुम्हाला स्वतःचा धंदा काढायचाय का’ असं सरळ विचारलं तर “कधीतरी नक्की आवडेल, पण आधी हे काम पूर्ण शिकायचंय” एवढं म्हणा. सेल्सच्या जागेवर तीन वर्षं मन लावून टिकणारा माणूस कोणाला नको असतो?

आता दुसरा प्रश्न, घरचा. आपल्याकडे हा सर्रास विचारतात. लग्न झालंय का, मुलं किती, आईवडील कुठे असतात. इथे लोक दोन टोकं गाठतात. काही जण सगळी कहाणी सांगतात, वडिलांचा आजार, कर्ज, भावाशी वाद. काही जण सगळंच लपवतात. मी एक साधं सूत्र देतो: परिस्थिती सांगू नका, व्यवस्था सांगा. समोरच्याला तुमच्या घरातलं दुःख जाणून घ्यायचं नसतं. तुम्ही नवव्या दिवशी परत जाणार का, एवढंच बघायचं असतं. माझ्या पंढरपूरच्या मॅनेजरसारखं.

मित्राच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. बायको लातूरलाच एका खासगी दवाखान्यात नर्स, मुलगी मोठ्या शिशुत. हे सगळं सांगितलं तर तो येणार नाही असंच कोणालाही वाटेल. म्हणून आधी घरात बैठक झाली, आणि ही खरी मुलाखत होती असं मला वाटतं. मोठा भाऊ लातूरलाच राहतो. मंगळवार-शुक्रवार वडिलांना दवाखान्यात नेणं त्याने घेतलं. भावाने तिथेच एक अट घातली, महिन्यातून एक शुक्रवार तू यायचंस. बायको म्हणाली, पहिलं वर्ष मी इथेच थांबते, पुढच्या जूनमध्ये मुलगी पहिलीला जाईल तेव्हा शाळा नाशिकची बघू. वर्षाच्या मध्ये शाळा बदलायची म्हणजे दाखला काढा, फी परत मिळत नाही, तिकडे प्रवेश मिळेलच असं नाही, त्यापेक्षा जून बरा. आई काही बोलली नाही, पण रात्री वेगळं बोलावून म्हणाली, “जा, पण उगाच लवकर परत येऊ नकोस, लोक हसतात.” मराठवाड्यातल्या आया अशाच.

मुलाखतीतलं त्याचं उत्तर चार वाक्यांचं झालं. “आईवडील लातूरला मोठ्या भावाजवळ असतात. वडिलांची तब्येत नाजूक आहे, त्यांचं सगळं भाऊ बघतो. पत्नी नोकरी करते, ती पुढच्या जूनपासून नाशिकला येईल. तोपर्यंत मी एकटा राहणार आहे आणि हे सगळ्यांशी बोलून ठरलंय.” डायलिसिस हा शब्द नाही, पण खोटंही काही नाही. राहिला तो महिन्यातला एक शुक्रवार. तो मुलाखतीत काढायचा नाही, पण गिळायचाही नाही. ऑफर हातात आली की स्वीकारण्याआधी सांगायचा. त्याने एचआरला ईमेल केला की महिन्यातून एक शुक्रवार रजा लागेल, ती नियमित रजेतून घेईन. त्यांचं उत्तर आलं, रिपोर्टिंग मॅनेजरला आधी कळवत जा. हाच शुक्रवार जॉईन झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळला असता तर साहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या असत्या.

मुलींना हा प्रश्न जास्त खोदून विचारतात. “लग्नानंतर काय? मिस्टरांची नोकरी कुठे?” राग येणं साहजिक आहे. आमच्या एका विद्यार्थिनीचं उत्तर मला आवडलं: “मी या ठिकाणी राहायचं ठरवूनच अर्ज केलाय. कामाच्या वेळा आणि फिरती मला मान्य आहे.” बास. पुढे लग्नाच्या तारखा, मूल वगैरे काही सांगायला तुम्ही बांधील नाही. त्यानंतरही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, तर तिथे काम कसं असेल याचा अंदाज तुम्हालाही आला असं समजा.

आता तिसरा, तारखेचा. इथे अंदाज नाही, आकडेमोड करायची. मित्राने जुनं लेटर काढलं आणि तीन गोष्टी बघितल्या. नोटीस किती: ६० दिवस, आणि ते कॅलेंडरचे, म्हणजे रविवार-सुट्ट्या धरून. शिल्लक रजा नोटीसमध्ये धरतात का: लेटरमध्ये ‘नाही’ असं लिहिलेलं. आणि नोटीसचे दिवस पैसे भरून कमी करता येतात का, ज्याला बायआउट म्हणतात: येतात, पण मालकांच्या मर्जीने, महिन्याच्या पूर्ण पगारावर. काही ठिकाणी हा हिशोब फक्त बेसिकवर असतो, म्हणून वाचून बघा. त्याच्या बाबतीत दिवसाला ८०० रुपये पडतात, १५ दिवस कमी करायचे तर १२ हजार.

मोजायला सुरुवात कुठून करायची? तोंडी “तुमचं फायनल आहे” इथून नाही. लेखी ऑफर हातात आल्यापासून. त्याआधी राजीनामा द्यायचा नाही, कोणी कितीही घाई करू दे. समजा ऑफर १० मार्चला आली आणि राजीनामा ११ मार्चला गेला. तो दिवस धरून साठावा दिवस येतो ९ मे. पुढे सामान, बस, खोली यासाठी चार दिवस, म्हणजे १४ मेला जॉईन. ऑफरपासून ६५ दिवस. मालकांनी १५ दिवस सोडले तर शेवटचा दिवस २४ एप्रिल, जॉईन २९ एप्रिल, म्हणजे ५० दिवस.

मुलाखतीत त्याने दोन्ही आकडे सांगितले, पण वेगवेगळ्या वजनाने. “माझी नोटीस ६० दिवसांची आहे. ऑफर लेटर मिळाल्यापासून ६५ दिवसांत मी नक्की येतो. मालकांनी लवकर सोडलं तर ५० दिवसांत येऊ शकेन, पण ते त्यांच्याशी बोलल्याशिवाय कबूल करत नाही.” एचआर म्हणाल्या, आम्हाला तर ३० दिवसांत माणूस हवाय. इथेच पहिल्या वेळी तो घसरला होता. या वेळी त्याने विचारलं, “बायआउटची रक्कम कंपनी देते का?” त्या म्हणाल्या, विचारून सांगते. अशी रक्कम कंपनी देते तेव्हा बहुतेक वेळा वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ती परत द्यावी लागते, शिफ्टिंगच्या खर्चाचंही तसंच. तीन वर्षं राहणाऱ्याला त्याची भीती नाही, पण अट वाचून घ्या.

एक गोष्ट सेल्सवाले हमखास विसरतात, उधारी. मार्च एंडिंगला डीलर कोणालाच सोडत नाही, आणि तुमच्या नावावर शेतकऱ्यांकडची येणी असतील तर ती मिटेपर्यंत शेवटचा हिशोब आणि रिलीव्हिंग लेटर अडकतं. नव्या कंपनीला ते लेटर लागतं. मित्राने राजीनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या ग्राहकांची यादी काढली, कोणाकडे किती, कधीपासून, आणि दर आठवड्याला मालकांसमोर एकेक नाव खोडत गेला. पाच नावं राहिली, ती मालकांनी स्वतःकडे घेतली आणि तसं यादीवर लिहून सही दिली. मालक खूश झाले म्हणून सात दिवस आधी सोडलं, फुकटात.

पैशाचा हिशोब मात्र वेगळा ठेवा. नाशिकला खोली ७ हजार भाड्याची मिळाली. डिपॉझिट १४ हजार, एजंटचे ७, पहिलं भाडं ७, मेस साडेतीन, येणं-जाणं अडीच. एकूण ३४ हजार, आणि हे सगळं नवीन पगार यायच्या आधी. जॉईनिंग पगाराच्या कट-ऑफनंतर झालं तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो, जुन्या नोकरीचा हिशोब यायलाही वेळ लागतो. दुकानाच्या भाषेत हे खेळतं भांडवल. ते हातात नसेल तर उधार-उसनवारीने सुरुवात होते, आणि माणूस दुसऱ्या महिन्यात घरी परततो, कारण घरच्यांना मात्र ‘करमत नाही’ असं सांगतो. म्हणून तारीख देण्याआधी हे पैसे कुठून येणार ते बघा. मित्राने भिशी उचलली होती.

शेवटी काय झालं? कंपनीने बायआउट दिलं नाही, पण त्याच्या ६५ दिवसांना होकार दिला. मालकांनी सात दिवस सोडल्यावर त्याने त्याच संध्याकाळी एचआरला ईमेल केला की मी १४ ऐवजी ७ मेला येतोय. या वेळीही तारीख हलली, फक्त अलीकडे. ७ मेला सकाळी साडेनऊला तो ऑफिसच्या दारात होता, रिलीव्हिंग लेटरची झेरॉक्स हातात. पहिल्या शुक्रवारच्या रजेचा अर्ज त्याने त्याच दिवशी दिला.